चिठ्ठ्या वाचायला घेतलेला टॅबलेट: सात महिन्यांचा अनुभव

माझं मेडिकल सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. दिवसाला वीस-पंचवीस चिठ्ठ्या मोबाइलवर फोटो म्हणून येतात आणि निम्म्या फोटोंखाली दोनच शब्द असतात, ‘हे वाचा’. फोटो हललेला, कोपरा कापलेला, पेशंट कोण याचा पत्ता नाही. डोळे दुखायला लागले म्हणून सात महिन्यांपूर्वी साडेतेरा हजार मोजून अकरा इंची टॅबलेट घेतला. बॅटरी, आवाज, कॅमेरा यांबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. माझं काम एकच आहे, फोटोतली चिठ्ठी वाचणं, आणि तेवढ्यापुरतंच लिहितो.

पहिला महिना मी खूश होतो. ज्या चिठ्ठ्यांचं अक्षर बारीक पण फोटो स्वच्छ, त्या एका नजरेत वाचता यायच्या. दुकानात येणाऱ्या दोघातिघांना मी हाच टॅबलेट घ्या म्हणून सांगितलंही. ते आता मागे घेतो. फोटोच फुसका असेल तर मोठ्या पडद्याचा काही उपयोग होत नाही, उलट त्रास होतो. बोटांनी मोठं करत गेलं की टॅबलेट कडा गुळगुळीत करून दाखवतो आणि अक्षराचा नुसता ढग होतो. तोच फोटो जुन्या पाच इंची मोबाइलवर हात लांब करून पाहिला की शब्दाचा आकार लगेच ओळखू येतो. टॅबलेटवरही फोटो लहान करून दोन पावलं मागे सरकलं की तेच होतं. म्हणजे साडेतेरा हजारांची वस्तू लांबून बघायची!

मागच्या मंगळवारचा प्रसंग सांगतो, कारण त्यावरूनच हे लिहायला बसलो. गावाकडच्या एका आजींची चिठ्ठी त्यांच्या पुण्याच्या मुलाकडून आली. आजींनी रात्री बल्बखाली फोटो काढून मुलाला पाठवला, मुलाने माझ्याकडे ढकलला आणि खाली लिहिलं, ‘काका, हे वाचा’. औषधाचं नाव नीट लागत होतं, थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन. पुढे आकडा होता 125.

आकडा स्पष्ट होता, म्हणूनच मला तो खटकला. ही गोळी 125 मायक्रोग्रॅमची मिळते आणि 12.5 ची पण मिळते. बहुतेक औषधांत चुकीचा आकडा वाचला तर तशी गोळीच बाजारात नसते, तिथेच शंका येते. ‘मेट’ने सुरू होणारा अस्पष्ट शब्द आणि पुढे 850 असेल तर ती मेट्रोनिडाझोल नसणार, ती 200 किंवा 400 ची येते, मेटफॉर्मिनच असणार. इथे तसा आधार नव्हता. दोन्ही गोळ्या माझ्या कपाटात, मधे फक्त एक टिंब.

आता हे टिंब जातं कुठे? मेसेजच्या अ‍ॅपमधून साधा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. डॉक्टरांच्या पॅडचा कागद 21 सेंटिमीटर लांब धरला आणि तो पूर्ण चौकटीत भरला असेल, तर एका मिलिमीटरला साडेसात पिक्सेल येतात. बॉलपेनचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे चार पिक्सेल. आजींच्या फोटोत कागदापेक्षा फरशी जास्त होती, कागद अर्ध्याच चौकटीत. टिंब उरलं दोन पिक्सेलचं. फोटो आकसताना तो आठ बाय आठच्या चौकोनांत कापला जातो आणि प्रत्येक चौकोनातले बारीक तपशील आधी टाकले जातात. रेघा टिकतात, टिंब पुसलं जातं.

टॅबलेटच्या गॅलरीतलं ‘शार्पन’ बटण याच बाबतीत माझा सगळ्यात मोठा राग आहे. ते दाबल्यावर 2 आणि 5 च्या मधे खरंच एक काळा ठिपका आला. पाच सेकंद मला बरं वाटलं. मग बाजूला बघितलं तर कोऱ्या जागेतही तसेच सहा-सात ठिपके उठले होते. ते बटण कागदावरचा डाग, फोटोतला दाणा आणि शाईचं टिंब यांत फरक करत नाही. आकड्यांच्या बाबतीत मी ते आता वापरत नाही.

शोधत बसण्यापेक्षा फोटो कशामुळे बिघडलाय हे आधी पाहावं. सगळ्या कडा एकाच दिशेला दुहेरी दिसत असतील तर हात हललाय. आडवा हलला असेल तर आडव्या रेघा शाबूत राहतात आणि उभ्या फाकतात; मराठीत लिहिलेलं असेल तर शिरोरेखा ठळक आणि खालचे काने पुसट, यावरून ते पटकन कळतं. सगळंच सारखं मऊ दिसत असेल तर फोकस चुकलाय, बहुतेक वेळा मोबाइल कागदाला फार जवळ नेलेला असतो. अक्षरांभोवती चौकोनी खवले असतील तर फोटो पाठवताना दबलाय. आजींच्या फोटोत फोकस बरा होता, हात थोडा आडवा हललेला होता आणि खवले भरपूर होते. म्हणजे मूळ फोटोत टिंब असण्याची शक्यता होती.

चिठ्ठीच्या वर वय 71 लिहिलं होतं. या वयात, त्यात हृदयाचा त्रास असेल तर, थायरॉक्सिन अगदी कमी डोसवर सुरू करतात. म्हणून माझा कल 12.5 कडेच होता. पण कल म्हणजे वाचन नव्हे, हे मी दुकानातल्या पोरालाही सांगत असतो. पूर्वीपासून गोळी चालू असलेल्या बाईंना 125 सुद्धा लिहिलेलं असू शकतं.

मुलाला विचारलं, जुनी स्ट्रिप आहे का? छापलेला आकडा वाचून सांगितला असता तर काम झालं असतं. तो म्हणाला, नवीनच सुरू केलीय. दवाखाना बंद होता. मग सकाळी आजींना फोन लावला. कागद उंबऱ्याजवळ उजेडात जमिनीवर ठेवा, मोबाइल एक वीत वर धरा, कोपरं अंगाला टेकवा, पडद्यावर आकड्यावर बोट टेकवा आणि मग फोटो काढा, असं सांगितलं. नातवाने तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला. तसा पाठवला की आकसत नाही. त्यात टिंब होतं, आणि 2 नंतर जराशी मोकळी जागाही होती. तरीही दहा वाजता दवाखान्यात फोन करून कंपाउंडरकडून ‘साडेबारा’ असं तोंडी वदवून घेतलं, आणि पाकीट मूळ चिठ्ठी दुकानात आल्यावरच दिलं.

या सगळ्यात टॅबलेटचा वाटा किती? काहीच नाही. एका फोनने जे झालं ते साडेतेरा हजारांना झालं नाही. परत द्यायची मुदत संपलीय, म्हणून आता त्यावर बिलं आणि स्टॉक बघतो, त्याला तो चांगला आहे. कोणी फक्त चिठ्ठ्या वाचायला घेणार असेल तर घेऊ नये. त्या पैशांत काउंटरवर एक चांगला दिवा लावावा आणि गिऱ्हाइकाला कागदच घेऊन यायला सांगावं.

माझी मात्र एक चूक झाली. सकाळी आजी पाकीट न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “गोळीचं नाव मला ठाऊक होतं रे, डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती अगदी खालची ओळ काय आहे, ते पोराला विचारायचं होतं.” मी रात्री अर्धा तास आकड्यात घालवला आणि ‘हे वाचा’ म्हणजे नक्की कुठली ओळ, हे विचारलंच नव्हतं. खालच्या ओळीत सहा आठवड्यांनी रक्ताची टीएसएच तपासणी लिहिली होती. आजींना तो सहा म्हणजे सहा गोळ्या वाटला होता.