कुत्र्याच्या कोरड्या डोळ्यांवर सायक्लोस्पोरिन मलम: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आमची चिंगी, सात वर्षांची पग. सकाळी उठली की डोळ्याच्या कोपऱ्यात हिरवट-पिवळा चिकट पू, ओढला तर दोरीसारखा लांब निघायचा. कोल्हापुरात आधी ज्यांना दाखवलं, त्यांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक ड्रॉप दिले. चार दिवस बरं, मग पुन्हा तेच.

दुसऱ्या डॉक्टरांनी ड्रॉप घालण्याआधीच शिर्मर टेस्ट केली. कागदाची छोटी पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि एका मिनिटात ती किती मिलिमीटर भिजते ते बघायचं. कुत्र्यात १५च्या वर नॉर्मल. चिंगीचा उजवा ८, डावा ४. मग हिरवा रंग घालून बुबुळावर जखम नाही ना, ते पाहिलं. अश्रूंतला पाण्याचा भाग कमी पडतो, म्हणून डोळा चिकट स्राव जास्त करतो. बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथींवर उठलेली असते. सायक्लोस्पोरिन तो हल्ला दाबतं, म्हणून ग्रंथी पुन्हा काम करू लागते. नुसत्या कृत्रिम अश्रूंनी तात्पुरता ओलावा मिळतो, ग्रंथी सुधारत नाही.

आम्हाला ०.२ टक्क्यांचं मलम दिलं, दिवसातून दोनदा. मेडिकलमध्ये माणसांचे ०.०५ टक्क्यांचे ड्रॉप सहज मिळतात, पण ते चौपट पातळ, हे दुकानदार सांगत नाही. आम्हाला मलम ऑर्डर देऊन मागवावं लागलं, स्वस्त नाही.

पहिले तीन-चार आठवडे काहीच फरक नाही. घरात ‘बदला की औषध’ सुरू झालं होतं. पण ग्रंथीला सावरायला वेळ लागतो, कधी दोन-तीन महिनेही. दीड महिन्याच्या तपासणीत उजवा १३, डावा ७. पुढच्या तपासणीत उजवा १७, डावा ११. पू आधी कमी झाला, आकडे मागून वर आले. सुरुवातीला आकडा शून्य-एकच असेल तर इतका प्रतिसाद मिळेलच असं नाही. तेव्हा टॅक्रोलिमस या दुसऱ्या औषधाचा विचार करतात.

औषधापेक्षा जास्त कस लागतो तो पुसण्यात. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पू पूर्ण काढल्याशिवाय मलम घातलं तर ते पुवावरच बसतं, डोळ्याला पोचत नाही. मी मागून धरते, आई खालची पापणी ओढून तांदळाच्या दाण्याएवढं घालते, मग लगेच हात धुते. सुरुवातीला चिंगी पंजाने डोळा चोळायची, म्हणजे थोडं झोंबत असावं.

मार्चमध्ये ट्यूब संपली आणि नवीन यायला उशीर झाला, तर काही दिवसांत कोपऱ्यात पुन्हा चिकटपणा. हे औषध बहुधा आयुष्यभर चालतं. म्हणून आता एक ट्यूब संपत आली की दुसरी आणून ठेवलेली असते. तपासणीच्या दिवशीही सकाळचं मलम चुकवायचं नाही, नाहीतर आकडा खोटा कमी येतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. डाव्या डोळ्याच्या कडेला जो तपकिरी डाग पडलाय, तो मात्र फिका झाला, गेला नाही.