दुकान–गोदाम वायरलेस लिंकच्या नावाखाली माझे 35,500 रुपये गेले. वाचा आणि सावध व्हा

लिहायला लाज वाटते, पण आमच्या लाईनमध्ये अजून कोणी फसू नये म्हणून लिहितोय. माझं टाइल्सचं दुकान आहे आणि गोदाम साधारण 600 मीटरवर. दोन्हीकडे गच्चीवर पाइपला छोट्या डिश आणि सिग्नल पाठवणारे-घेणारे रेडिओ लावून लिंक घेतली होती. गोदामातली चलनं आणि चार कॅमेरे त्याच्यावर. दोन वर्षं 80 च्या आसपास स्पीड होता. एके दिवशी वाऱ्या-पावसानंतर तो 3-4 वर आला. चलन निघेना, टेम्पो दारात उभे.

ओळखीतून एक "नेटवर्क इंजिनिअर" आला. लॅपटॉप उघडला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही रेडिओ गेलेत शेठ, मॉडेलही बंद झालंय." नवीन जोडी 27,500, फिटिंग 3,500 आणि "फ्रिक्वेन्सी लायसन्स" 6,000. जुनी जोडी 1,500 ला त्यानेच घेतली. मी 35,500 रुपये लगेच मोबाइलवरून पाठवले. ऐन सीझन होता. दिवसाला आठ-दहा गाड्या अडकत असतील तर तुम्हीही पाठवले असते.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. तो गच्चीवर होता, मी खाली गोदामातल्या पोऱ्याशी फोनवर बोलत होतो. डिशमागचं लेबल वाचायला त्याने डिश हाताने जरा आपल्याकडे वळवली आणि पोऱ्या ओरडला, "शेठ, कॅमेरे आले! चारही आले!" त्याने हात काढला. "गेले परत." मी वर हाक मारून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आतला बोर्ड सैल झालाय, म्हणून असं होतंय." आणि मी ते ऐकून घेतलं! गेलेला रेडिओ डिश वळवल्यावर चालू होतो का? वळवल्यावर सिग्नल येतो म्हणजे डिशचं तोंड फिरलंय, बस्स.

नवीन जोडी 19 दिवस चालली. मग पुन्हा वारा, पुन्हा 4 चा स्पीड. फोन केला तर म्हणे आता "बूस्टर" लागेल, 9,000. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. दुसऱ्या एका मुलाला बोलावलं. त्याने पाइपवरचा क्लॅम्प हलवून दाखवला. गंजलेला, नट सैल, डिश हाताने गरगर फिरत होती. "काका, रेडिओला काहीच झालं नव्हतं. अशा डिशचा झोत जेमतेम आठ-दहा अंशांचा असतो. ती बारा-पंधरा अंश फिरली की संपलं." ड्रॉवरमध्ये पहिल्या फिटिंगचा कागद होता, त्यावर सिग्नल -48 लिहिला होता. स्क्रीनवर -74 दिसत होता. उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी, आणि हा 26 डेसिबलचा फरक म्हणजे ताकद 400 पटीने कमी. त्याने क्लॅम्प बदलला. एकाने स्क्रीन बघायची, एकाने डिश थोडी थोडी फिरवायची, असं करून सिग्नल -49 वर आणला, नट आवळले आणि क्लॅम्पपासून पाइपपर्यंत लाल रंगाची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की डिश हलली. 600 रुपये. त्या भामट्याने क्लॅम्प तोच ठेवला होता!

तो मुलगा एक गोष्ट बजावून गेला. एक आकडा दिसला की लगेच थांबायचं नाही. मुख्य झोताच्या बाजूलाही छोटे छोटे झोत असतात, तिथेही सिग्नल चढतो आणि माणूस तिथेच नट आवळतो. पलीकडे नेऊन, परत आणून सगळ्यात चांगली जागा शोधायची. कितीही फिरवून कागदावरचा आकडा येतच नसेल तर मध्ये काय उभं राहिलंय ते बघा, टाकी, पत्रा, वाढलेलं झाड. रेडिओवर संशय असेल तर दोन्ही खाली उतरवून, पॉवर कमी करून, समोरासमोर चालवून दाखवायला सांगा. आणि लायसन्स? या लिंक ज्या 5 गिगाहर्ट्झवर चालतात, तो पट्टा आपल्याकडे 2018 पासून लायसन्समुक्त आहे. 6,000 रुपये शुद्ध लूट!

पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? दिवाणी मॅटर आहे, ग्राहक तक्रार करा." तिथे गेलो तर, "दुकानासाठी घेतलंय, म्हणजे व्यापारी कारण." मी सांगितलं की कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्याला सूट आहे. "मग तसं सिद्ध करा, आणि बिल आणा." बिल कुठलं, साध्या कागदावरचं एस्टिमेट! पुन्हा ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तावर. तीन चकरा झाल्या, अजून अर्जावर पोचेचा शिक्कासुद्धा मिळालेला नाही. भामटा मात्र माझा फोन कट करून मोकळा.

जुने रेडिओ कुणालाही नेऊ देऊ नका. माझे चांगले होते हे दाखवायला आता माझ्याकडे रेडिओच नाहीत. पण मूळ खोकी माळ्यावर सापडली आणि त्यावर दोन्हींचे सिरीयल नंबर आहेत. तो ते कुठेतरी विकणारच. सोमवारी खोक्यांचे फोटो अर्जाला जोडून चौथ्यांदा जातोय.