व्याज कव्हरेज, टीओएल-टीएनडब्ल्यू की झेड स्कोअर: उत्तरात भर कशावर द्यावा?

क्रेडिटच्या पेपरात ताळेबंद देतात आणि खाली विचारतात, 'कर्ज द्यावं का, कारणांसह लिहा.' तिन्ही मापं बहुतेकांना येतात, पण वेळ पुरत नाही. त्यामुळे उत्तर कशावर उभं करायचं हे आधीच ठरवलेलं बरं. मी ते ठरवून टाकलंय. तुमचं वेगळं ठरू शकतं.

उदाहरण हळदीचंच घेतो, सांगलीत बसून दुसरं कशाला शोधायचं? यार्डातून हळद घेऊन पॉलिश करणारी, दळून विकणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी धरा. आकडे माझेच, लाखांत: विक्री 900, करपूर्व नफा 40, व्याज 50, एकूण मालमत्ता 600, बाहेरची देणी 400, नेटवर्थ 200. नेटवर्थमधला साठलेला नफा 120, खेळतं भांडवल 60.

टीओएल-टीएनडब्ल्यू, म्हणजे बाहेरची देणी भागिले नेटवर्थ, आलं 2. चटकन निघतं, बँकेत रोज बोललं जातं, परीक्षकालाही आवडतं. फक्त एक गोम आहे. त्या 400 मध्ये डायरेक्टरच्या भावानं दिलेलं 50 लाखांचं बिनतारणी कर्ज असेल आणि बँकेचं फिटेपर्यंत ते काढणार नाही असं लिहून दिलं असेल, तर बऱ्याच बँका ते भांडवलासारखं धरतात. मग 350 भागिले 250, म्हणजे 1.4. कंपनी तीच, पण चित्र बरंच सुधारतं. उत्तरात कोणती बाजू धरली हे एका ओळीत लिहिलं की भागतं, त्यामुळे याचा मला फारसा त्रास होत नाही.

त्रास झाला तो झेड स्कोअरचा, म्हणजे कंपनी बुडण्याचा धोका सांगणाऱ्या आकड्याचा. 1968 मध्ये ऑल्टमननं 66 उत्पादक कंपन्या घेतल्या, 33 बुडालेल्या आणि 33 तगलेल्या, आणि त्यावरून मूळ सूत्र बसवलं. त्यात चौथा घटक भांडवलाच्या बाजारमूल्याचा आहे. आपल्या हळदवाल्याचे शेअर कुठं विकले जातात? म्हणून खाजगी कंपनीसाठी पुस्तकी किमतीवरचं सुधारित सूत्र वापरायचं:

```
Z' = 0.717 X1 + 0.847 X2 + 3.107 X3 + 0.420 X4 + 0.998 X5
```

क्रमानं खेळतं भांडवल, साठलेला नफा आणि व्याज-करपूर्व नफा, तिन्ही भागिले मालमत्ता. मग नेटवर्थ भागिले देणी. शेवटी विक्री भागिले मालमत्ता. उत्तर येतं 2.41. इथल्या हद्दी 1.23 आणि 2.90, म्हणजे कंपनी मधल्या करड्या पट्ट्यात, ना सुरक्षित ना धोक्यात. आता हळद पॉलिश करणं म्हणजे उत्पादन नव्हे, व्यापारच, असं कुणी धरलं, तर विक्रीचा घटक नसलेलं तिसरं सूत्र लागतं. त्यात 2.84 येतात, आणि तिथं 2.6 च्या वर सुरक्षित. सूत्र बदललं की निकाल बदलला, आणि प्रश्नात अनेकदा कोणतं वापरायचं ते लिहिलेलंच नसतं.

माझं मत पक्कं झालं ते मात्र विक्रीच्या घटकामुळे. समजा कंपनीनं दर पाडून माल ढकलला आणि विक्री 1200 झाली, पण नफा, व्याज, मालमत्ता सगळं तेवढंच राहिलं. Z' थेट 2.91 वर जातो, म्हणजे सुरक्षित! गल्ल्यात एक रुपया जास्त आलेला नाही. बाजारात भाव चढला आणि तितक्याच पोत्यांची विक्री रुपयांत फुगली तरी हेच होईल. हळदीच्या धंद्यात हे नवं नाही.

व्याज कव्हरेज मात्र जागचं हलत नाही: 40 अधिक 50, भागिले 50, म्हणजे 1.8. व्याज आधीच वजा झालेला नफा वर ठेवून 0.8 काढणारे दरवेळी सापडतात, तेवढं सांभाळा. प्रश्नाच्या टिपांमध्ये 'बांधकामाधीन प्लांटवरचं 10 लाख व्याज मालमत्तेत धरलं' असं काही असेल, तर तेही खाली मिळवा. मग 90 भागिले 60, म्हणजे 1.5. अशा ओळी तिथं उगाच छापलेल्या नसतात.

कव्हरेजचीही एक बाजू लंगडी आहे: मुद्दलाचा हप्ता त्याला दिसत नाही. टर्म लोन असेल तर डीएससीआर, म्हणजे मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडण्याच्या ताकदीचा आकडा, जोडावाच लागतो. तरी मला विचाराल तर सुरुवात कव्हरेजनं, आधाराला टीओएल-टीएनडब्ल्यू आणि वेळ उरला तर झेड स्कोअर, कोणतं सूत्र घेतलं ते लिहून. प्रश्नात शेअरचा बाजारभाव मुद्दाम दिला असेल तर गोष्ट वेगळी. तो आकडा बहुधा झेडसाठीच ठेवलेला असतो, तेव्हा तिथं मीही झेडच आधी मांडतो.