गुणांप्रमाणे रेटिंग की बेल कर्व्ह?

पर्वरी टीमसाठी: मी पाठवलेलं रेटिंग आणि पत्रातलं रेटिंग जुळत नाही, असं काहींनी विचारलंय. म्हणून दोन्ही पद्धती शेजारी ठेवतो.

पहिली, ठरलेल्या उद्दिष्टांवर थेट गुण. त्यात आपल्या बारा जणांपैकी पाच जणांना ५, सहांना ४ आणि एकाला ३ मिळाले होते. कामाचं चित्र म्हणून मला हेच खरं वाटतं. पण प्रत्येक लीडचा हात वेगळा असतो. शेजारच्या टीममध्ये तशाच कामाला ३ पडले, आणि वाढीचा पैसा दोघांना एकाच थैलीतून मिळतो.

दुसरी, बेल कर्व्ह. विभागातल्या चाळीस जणांना क्रम लावून वरच्या चौघांना ५, पुढच्या आठांना ४, मधल्या सोळांना ३, मग आठांना २ आणि शेवटच्या चौघांना १. पगारवाढ अनुक्रमे १४, ११, ८, ५ आणि २ टक्के. पगार सारखे धरले तर सरासरी बरोबर ८ येते, बजेटही तेवढंच आहे. सगळ्यांना ५ दिले असते तरी प्रत्येकाच्या हाती ८च पडले असते.

म्हणजे ४ वरून ३ झाला, तर काम घसरलं असं नाही. क्रमात तुम्ही मध्यावर आहात एवढंच. माझा लेखी अभिप्राय बदललेला नाही.

खरी अडचण तळाशी आहे. चाळीसही जण चांगले असले तरी चौघांना १ मिळणारच. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची विभागणी सोडली, ती उगाच नव्हे. ज्यांना १ किंवा २ मिळाले, त्यांनी मूळ गुणपत्रक घेऊन माझ्याकडे यावं. तिथे ४ असतील, तर फेरविचारासाठी मी स्वतः लिहून देईन.