टॉपर, कूलिंग पॅड आणि बॉडी पिलो: वर्षभर वापरल्यावर कुठलं कशासाठी कामाला आलं

आमचं घर नागपूरला, बेडवर काथ्याची गादी, चांगली टणक, आणि मी कायम कुशीवर झोपणारी. वय पन्नाशीच्या जवळ. गेल्या वर्षी त्रास तीन होते: उजव्या कुशीवर झोपलं की खांदा आणि कमरेच्या बाजूचं हाड दुखायचं, पहाटे कंबर आखडलेली असायची, आणि मधेच रात्री घामाने जाग यायची. टॉपर, कूलिंग पॅड आणि बॉडी पिलो या तिन्ही वस्तू मी काही महिन्यांच्या अंतराने घेतल्या आणि तेव्हापासून सगळे ऋतू त्यावर गेले, म्हणून आता नीट सांगता येतं की कुठली वस्तू नेमकं काय करते. दुकानात विचारलं तर तिन्ही वस्तू "शांत झोपेसाठी" असं एकच उत्तर मिळतं, पण तिघांची कामं पूर्ण वेगळी आहेत आणि एकीचं काम दुसरी करत नाही.

आधी टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा मऊ थर. माझा २ इंची मेमरी फोमचा आहे. कुशीवर झोपल्यावर शरीराचा भार मुख्यतः दोनच जागी येतो, खांद्यावर आणि मांडीच्या वरच्या बाजूला जे हाड लागतं तिथे, आणि गादी टणक असेल तर ती जागा आत जायला वावच नसतो. मग हात बधीर होतो, हाड दुखतं, आपण कूस बदलतो, थोड्या वेळाने ती बाजूही दुखते. टॉपर एवढंच करतो की त्या दोन जागा इंचभर आत जाऊ देतो आणि कमरेची पोकळी थोडी भरतो. माझा खांदा पहिल्या आठवड्यातच सुधारला, हात बधीर होणं थांबलं. यासाठी टॉपर खरंच उत्तम आहे, मी कुणालाही मनापासून सांगेन.

पण गादी मधे बसलेली असेल तर टॉपर घेऊ नका. तो मऊ असतो, खालच्या खड्ड्यासारखाच वाकतो, आणि पैसे गेले तरी खड्डा तिथेच राहतो. तपासायचं सोपं आहे: चादर काढून गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून धरायची आणि मधे दोरी नि गादी यात किती अंतर पडतं ते पट्टीने मोजायचं. दीड इंचाच्या आसपास किंवा जास्त असेल तर आधी गादीचंच बघावं लागेल. कापसाची गादी असेल तर पिंजून परत भरून घेतली की काम होतं. काथ्या एकदा बसला की बसला.

घेताना लोक जाडी विचारतात, घनता विचारत नाहीत, आणि खरा फरक घनतेत आहे. एका घनमीटरला ५० किलोच्या आसपासचा फोम टिकतो, ३० वाला काही महिन्यांत खांद्याच्या जागी पातळ पडतो. दुकानदार आकडा सांगत नसेल तर सरळ वजन करा. ७८ बाय ६० इंचाचा २ इंची टॉपर ५० घनतेचा असेल तर फोमचंच वजन साडेसात किलोच्या पुढे भरतं, आणि तेवढाच टॉपर पाच किलोच्या आत भरला तर तो हलका फोम आहे, मग कव्हरवर काहीही छापलेलं असो. माझ्या बहिणीने डोंबिवलीत असाच एक हलका घेतला होता, कंपनीचं नाव नाही लिहीत, पावसाळा संपेपर्यंत त्यात तिच्या आकाराचा खड्डा पडला होता.

आणि मेमरी फोम तापमानाप्रमाणे बदलतो हे इथल्या हवामानात फार जाणवतं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा १०-१२ वर येतो तेव्हा रात्री पाठ टेकली की पाच-दहा मिनिटं तो टणकच लागतो, अंगाच्या उबेने मग मऊ होतो. मे महिन्यात उलटं, आधीच मऊ असतो, अंग जास्त रुततं, आजूबाजूने फोम चिकटतो आणि हवा खेळत नाही. म्हणजे खांद्याचा त्रास गेला पण उकाडा वाढला. लॅटेक्सचा टॉपर थंडी-उन्हाळ्यात असा बदलत नाही आणि हवाही बरी खेळते, पण महाग आणि उचलायला जड. आमच्याकडे उन्हाळ्यात टॉपरवरचं प्लास्टिकच्या अस्तराचं वॉटरप्रूफ कव्हर काढून साधं सुती घातलं तेव्हा निम्मा उकाडा तिथेच कमी झाला, त्यामुळे कूलिंगच्या वस्तूंकडे जायच्या आधी ते करून बघा.

आता कूलिंग पॅड. यात दोन अगदी वेगळे प्रकार एकाच नावाने विकतात. एक जेलचा, ज्याला वीज लागत नाही. दुसरा पाण्याचा, त्यात पातळ नळ्या असतात आणि बेडशेजारच्या डब्यातला पंप पाणी फिरवतो.

जेलचा पॅड थंडी तयार करत नाही, तो फक्त उष्णता शोषतो आणि तीही भरेपर्यंत. झोपलेलं माणूस साधारण ७०-८० वॉट उष्णता सोडत असतं आणि त्यातली काही खाली गादीत जाते. त्वचेचं तापमान ३३-३४ असतं. आता आमच्या खोलीत मे महिन्यात रात्री दहाला ३३ असेल तर पॅडही ३३ वरच असतो, त्याला शोषायला जागाच उरलेली नाही! एसी लावून खोली २६ वर आणली तर तो छान थंड लागतो, पहिला अर्धा तास वगैरे, मग अंगाखालचा भाग अंगाइतकाच गरम होतो आणि पलीकडे सरकावं लागतं. त्यामुळे ज्यांना आडवं झाल्यावर पहिल्यांदा झोप लागायलाच उकाड्याने वेळ लागतो आणि खोली मुळात बरी थंड आहे, त्यांना जेल पॅडचा उपयोग होतो. पहाटे तीनला घामाने उठणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही, तोवर तो कधीच भरलेला असतो.

माझा त्रास पहाटेचाच होता म्हणून मग पाण्याचा घेतला. माझ्याकडच्यात कॉम्प्रेसर नाही, पंखा आणि ओली जाळी आहे, म्हणजे आपल्या डेझर्ट कूलरचंच तत्त्व, पाणी वाफ होताना उरलेलं पाणी गार करतं. नागपूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो मस्त चालतो, पाणी खोलीपेक्षा बरंच गार होतं आणि रात्रभर तसंच राहतं, कारण उष्णता नळ्यांतून सतत बाहेर नेली जाते. तोच डबा मी बहिणीकडे जूनमध्ये लावून पाहिला, डोंबिवलीच्या दमट हवेत पाणी खोलीइतकंच राहिलं, फरक जवळपास शून्य. तिकडे घ्यायचा तर कॉम्प्रेसरवालाच लागेल, आणि त्यातही एक गोष्ट सांभाळायची की किनारपट्टीवर त्या दिवसांत हवेतली वाफ २५ अंशाच्या आसपासच पाणी व्हायला लागते, म्हणून पॅड १८-२० वर ठेवला तर उन्हाळ्यात गार पाण्याच्या बाटलीला सुटतं तसं पॅडला पाणी सुटतं आणि चादर ओली होते. २६-२७ वर ठेवलं की हा प्रश्न येत नाही आणि झोपेला तेवढं पुरतं.

पॅड टॉपरच्या वर ठेवायचा, त्यावर फक्त एक पातळ सुती चादर. टॉपरच्या खाली किंवा जाड क्विल्टेड कव्हरखाली ठेवला तर गारवा वर येतच नाही. डब्यात आरओचं पाणी घाला, आमच्या बोअरच्या पाण्याने जाळीवर पांढरा थर बसतो, आणि दर आठवड्याला पाणी बदलून डबा पुसा नाहीतर बुळबुळीत होऊन वास येतो. पंपाचा बारीक आवाज आहे, मला चालतो, ह्यांना पहिले काही दिवस त्रास झाला.

माझा घाम पाळी जाण्याच्या वयाचा आहे हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पॅडने ती अंगातून येणारी वाफ थांबत नाही, येते ती येतेच, पण आधी अंग नि कपडे भिजून तासभर जागी असायचे, आता काही मिनिटांत परत झोप लागते. आणि हे कळकळीने सांगते: घामासोबत बारीक ताप, वजन कमी होणं किंवा रेंगाळलेला खोकला असेल तर पॅड वगैरे बाजूला ठेवा आणि आधी टीबीची तपासणी करा.

राहिली कंबर. टॉपर आल्यावर खांदा सुधारला तरी पहाटेची कंबर तशीच राहिली होती, आणि याचं उत्तर बॉडी पिलोत मिळालं. कुशीवर झोपलं की वरचा पाय पुढे घसरतो, गुडघा गादीला टेकतो आणि त्याच्यासोबत कमरेखालचा सगळा भाग पिळला जातो, तोही रात्रभर. वरच्या पायाला खालून आधार दिला की पीळ जातो. ओळखायची खूण अशी की जे हाड गादीला टेकलंय तेच दुखत असेल तर दाबाचा त्रास आहे, तिथे टॉपर. वरच्या बाजूचा खुबा किंवा कंबर दुखत असेल तर बहुतेक पिळाचा, तिथे उशी. माझे दोन्ही होते म्हणून एकाने भागलं नाही. पाठीतून पायात कळ जाणं, मुंग्या येणं हे मात्र यातल्या कशाचंच काम नाही, त्याला हाडांचा डॉक्टर.

विकत घ्यायच्या आधी घरच्या दोन उशा घेऊन आठवडाभर बघा, एक गुडघ्यांमधे आणि एक घोट्यांमधे. घोटा महत्त्वाचा, नुसती गुडघ्यात उशी धरली तर पाऊल खाली लोंबतं आणि पाय परत वळतोच. फरक पडला तर बॉडी पिलो घ्या, छातीपासून घोट्यापर्यंत लांब आणि इतकी जाड की वरचा गुडघा खुब्याच्या उंचीला राहील. लोड चालत नाही, तो फार टणक आणि पाय वर उचलतो. आतला फायबर काही महिन्यांत बसतो, म्हणून आतल्या कव्हरलाही चेन असलेलीच घ्या, भर घालता येते. मी सरळ लांबीची घेतली, यू आकाराची उन्हाळ्यात दोन्हीकडून गरम होते आणि निम्मा बेड खाते.

यू आकार आमच्या भाचीला कामाला आला. सातव्या महिन्यापासून डॉक्टरांनी कुशीवर झोपायला सांगितलं होतं, पाठीमागे उशी असल्यामुळे ती झोपेत उताणी होत नव्हती आणि पोटालाही आधार मिळत होता. ह्यांच्या घोरण्यालाही पाठीमागची उशी थोडी लागू पडते, कारण ते उताणे झाले की जास्त घोरतात, पण ज्यांचा श्वास झोपेत मधेच अडकतो त्यांनी तपासणी करून घ्यावी, उशीने तो आजार बरा होत नाही. भाचीचं बाळंतपण झाल्यावर ती उशी बेडवरून काढून कपाटात ठेवायला लावली, बाळ जिथे झोपतं तिथे एवढी मऊ मोठी उशी किंवा मेमरी फोमचा टॉपर काहीही नको, तोंड त्यात रुतून श्वास कोंडू शकतो. बाळाला टणक, सपाट जागा आणि ताणून घातलेली चादर एवढंच पाहिजे.