जुन्या समईच्या फोटोतील हिरवा थर: जंगाल, तेलाचे किटण की पॉलिशचा अवशेष?

जुनी पितळी समई फोटो पाहून घ्यायची असेल, तर तिच्यावरचे हिरवे डाग कशाचे आहेत हे आधी ठरवावे लागते. तेलाचे किटण आणि पॉलिशचा अवशेष घरी निघतात, पण जंगाल म्हणजे तांब्याच्या धातूवर चढणारा हिरवा गंज, आणि त्यातले क्षारांमुळे चढलेले फिकट जंगाल आतून धातू पोखरत राहते.

या तिन्हींत रंग हा सर्वांत कमी भरवशाचा पुरावा आहे, कारण पिवळ्या दिव्याखाली निळसर हिरवा रंगही शेवाळी दिसतो. म्हणून दिवसाच्या सावलीतला, शेजारी पांढरा कागद ठेवून आणि एका बाजूने उजेड घेऊन काढलेला फोटो मागवावा. फ्लॅशमुळे पृष्ठभागाचा उंचसखलपणा नाहीसा होतो.

त्यानंतर जागा पाहावी. तेलातील आम्ले तांब्याशी संयोग पावून जो गडद हिरवा, मेणासारखा आणि किंचित पारदर्शक थर बनतो, तो तेल जिथे साचते किंवा ओघळते तिथेच असतो: वातीच्या चोचींत, तबकाच्या खालच्या कडेला, दांडीच्या आट्यांत. त्यावर धूळ व काजळी चिकटलेली दिसते. पॉलिशचा अवशेष मात्र बहुधा नक्षीच्या खाचांत राहतो. तो पांढरट किंवा फिकट हिरवा व खडूसारखा कोरडा असतो आणि त्याच्या शेजारचे उंचवटे चकचकीत असतात.

जंगालाचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर बहुधा स्थिर असतो आणि तो तसाच ठेवला तरी चालतो. चिंतेचा प्रकार म्हणजे फिकट निळसर हिरवी, भुकटीसारखी, ठिपक्यांनी उगवलेली फुगवटी. तिला नक्षीशी किंवा तेलाशी देणेघेणे नसते, सपाट जागीही ती येते, आणि भुकटी झडली की खाली बारीक खड्डा दिसतो. क्षारांतील क्लोराइड, दमट हवा आणि तांबे यांतून ती वाढते, त्यामुळे कोकण किनाऱ्यावरून आलेल्या वस्तूंत ती विशेष तपासावी.

समजा, फोटोत चोचींजवळ गडद हिरवे किटण आहे आणि बैठकीच्या सपाट भागावर तीन फिकट ठिपके आहेत. किटणाची काळजी करू नये. विक्रेत्याला ते ठिपके फक्त कोरड्या मऊ ब्रशने झाडायला सांगून जवळून फोटो मागवावा. खाली गुळगुळीत पितळ दिसले, तर ती बहुधा पॉलिशची भुकटी होती. खड्डे दिसले, तर दमट हवेत काही दिवसांनी पुन्हा फोटो घ्यावा, कारण भुकटी परत येणे हीच या पोखरणाऱ्या जंगालाची खरी खूण आहे. चिंच किंवा लिंबाने घासून फेस येतो का हे पाहणे मात्र निरुपयोगी, कारण स्थिर जंगालाचा कार्बोनेट थरही फेसाळतो आणि आम्ल अधिक लागले तर पितळातील जस्त निघून तांबूस डाग उरतात. भुकटी परतली, तर समई धातुसंवर्धकाकडे नेण्याचा खर्च किमतीतून वजा करावा, नाहीतर ती घेऊ नये.