वस्तूचे तारे, विक्रेत्याचे टक्के आणि 'Fulfilled'चा शिक्का: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरातल्या कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं गेले काही महिने मी ॲमेझॉनवर एका ठरलेल्या पद्धतीने घेतोय. मेमरी कार्डात बनावट माल फार असतो, म्हणून ही पद्धत तिथे चांगलीच कसाला लागते.

आधी तारे. ते वस्तूच्या पानाचे असतात, विक्रेत्याचे नसतात. एका पानावर चार जण विकत असले तरी चौघांच्या मालावर तेच 4.3 दिसतात. शिवाय 64 आणि 128 जीबीचे अभिप्राय बऱ्याचदा एकत्रच मोजलेले असतात. ते कार्ड अस्सल असेल तर कसं चालतं, एवढंच ताऱ्यांवरून कळतं.

'Fulfilled'चा शिक्का म्हणजे माल ॲमेझॉनच्या गोदामातून निघतो आणि पॅकिंग, पोहोचवणं त्यांच्याकडे असतं. माल अस्सल असल्याची ती ग्वाही नव्हे. पण या शिक्क्यामुळे विक्रेत्याच्या टक्क्यांचा, म्हणजे त्याचे किती ग्राहक समाधानी आहेत या आकड्याचा, अर्थ बदलतो. अशा ऑर्डरला उशीर झाल्याची तक्रार असेल, तर ॲमेझॉन ती स्वतःवर घेतं, त्या अभिप्रायावर काट मारतं आणि तो टक्क्यांत धरत नाही. स्वतः माल पाठवणाऱ्याच्या टक्क्यांत मात्र कुरिअरचा उशीरही येतो. म्हणून शिक्का असूनही टक्के घसरले असतील, तर मी जास्त सावध होतो. तिथे तक्रार बहुधा मालाचीच असते.

उदाहरण घ्या. एकच 128 जीबी कार्ड, तीन विक्रेते. पहिला 849 रुपयांना देतो, स्वतः पाठवतो, 96 टक्के समाधानी, पण एकूण अभिप्राय 22. दुसरा 879 ला, शिक्क्यासह. वर्षाचे 89 टक्के, हजारो अभिप्राय. तिसरा 939 ला, शिक्क्यासह, वर्षाचे 91 टक्के. पहिल्याच्या 22 अभिप्रायांवर भरवसा ठेवता येत नाही. 'Sold by'पुढच्या नावावर टिचकी मारली की 30 दिवसांचा आकडाही दिसतो. दुसऱ्याचा तिथे 70 वर आलेला आणि ताज्या तक्रारी 'पाकीट फोडलेलं', 'जागा कमी भरते' अशा. तिसऱ्याचा 90 वर टिकून. मी वरचे 60 रुपये देऊन तिसऱ्याकडून घेईन.

नवा विक्रेता प्रामाणिक असला तरी या चाळणीत मागे पडतो, हे मला खटकतं. स्टीलचा डबा घेताना मी त्याला संधी देतो, कार्ड घेताना नाही.

कार्ड आलं की परत करण्याच्या मुदतीतच H2testw हा कार्ड तपासणारा प्रोग्राम चालवून ते पूर्ण भरून तपासतो. याला काही तास लागतात. विंडोजमध्ये 128 च्या जागी 119 जीबीच्या आसपास दिसणं ठीक आहे. लिहिलेला डेटा वाचताना चुका आल्या, तर कार्ड परत.

आणखी एक गोष्ट: पानावर 64 ऐवजी 128 निवडलं की विक्रेता गुपचूप बदलू शकतो. त्यामुळे पैसे भरण्याआधी कार्टमध्ये विक्रेत्याचं नाव पुन्हा वाचा.